आधी पिसू, मग उंदीर

घरात मेलेला उंदीर सापडला की माणसाला बरं वाटतं. एक ब्याद गेली असं समजून तो शेपटीला धरून उंदीर उकिरड्यावर भिरकावून येतो आणि हात न धुताच चहाला बसतो. मी हिवताप विभागात कीटक समाहारक होतो. आधी परभणी जिल्ह्यात आणि १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाल्यावर हिंगोलीत. माझं रोजचं काम डासांचं. पहाटे गोठ्यातून डास पकडायचे, त्यांची जात ओळखायची, नोंदवही भरायची. पिसवांचं काम वाट्याला आलं ते १९९४ नंतर, आणि त्यानंतर मला माळवदावर खुडखुड करणाऱ्या जिवंत उंदराची फारशी काळजी वाटेनाशी झाली. काळजी वाटायची ती थंडगार पडलेल्या आणि अंगावर एकही पिसू नसलेल्या उंदराची. त्याच्या अंगावरच्या पिसवा कुठेतरी गेलेल्या असतात, आणि बहुतेक वेळा त्या घरातच असतात.

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेहून माणसं पळाली. त्यातली आपल्याकडची काही भुसावळमार्गे अकोल्याला आणि तिथून पूर्णेकडे येणाऱ्या मीटरगेज गाडीने हिंगोलीला उतरत होती. स्टेशनवर लोक तोंडाला रुमाल बांधून त्यांच्याकडे पाहायचे. औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन गायब झालं होतं. सगळ्यांचं लक्ष सुरतेकडे होतं, कारण मृत्यू मुख्यतः तिथे झाले. तिथला आजार फुप्फुसाचा होता आणि तो खोकल्यातून माणसाकडून माणसाकडे जात होता. पण पहिली हाक आपल्या मराठवाड्यातूनच आली होती. बीड जिल्ह्यातल्या मामला या लहानशा गावातून.

तिथला क्रम मला आजही पाठ आहे, कारण पुढे आम्हाला शिकवलेलं सगळं त्या क्रमात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्या धास्तीने लोक दगडमातीच्या घरांत झोपायला तयार नव्हते. माणसं बाहेर आणि धान्य घरात, अशी बऱ्याच ठिकाणी अवस्था होती. उंदरांना याहून चांगले दिवस कुठले? पुढच्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या सुरुवातीला, मामल्याच्या लोकांनी तक्रार केली ती पिसवांची. उंदीर मरून पडत असल्याचंही ते सांगत होते. काखेत आणि जांघेत गाठी आलेले तापाचे रोगी ऑगस्ट संपता संपता पुढे आले. आधी उंदीर, मग पिसवा, मग गाठी. सबंध देशात त्या साथीत ८७६ संशयित रोगी आणि ५४ मृत्यू नोंदले गेले. त्यातले ५९६ रोगी एकट्या महाराष्ट्रातले होते. हा खरंच प्लेग होता का, यावर तेव्हा डॉक्टरांमध्येही जोरदार वाद झाले. पुढे जपून ठेवलेल्या नमुन्यांच्या जनुकीय तपासणीने जंतू प्लेगचाच असल्याचं दाखवलं.

त्या हिवाळ्यात आमच्यातल्या काहींना उंदीर पकडण्याचं आणि पिसवा ओळखण्याचं प्रशिक्षण मिळालं. शिकवणारे बेंगळुरूच्या प्लेग सर्वेक्षण पथकाचे अनुभवी तंत्रज्ञ होते. कर्नाटकात कोलारच्या बाजूला १९६६ मध्ये प्लेगचे त्याआधीचे शेवटचे रोगी सापडले होते. त्यानंतरही हे लोक वर्षानुवर्षं रानातल्या उंदरांचं रक्त तपासत बसले होते, आणि देशात कुणी त्यांची दखल घेत नव्हतं. त्यांनी आम्हाला सूक्ष्मदर्शकाखाली एक पिसू दाखवली. मी त्याआधी हजारो डासांची पोटं पाहिली होती. रक्त प्यालेल्या डासाचं पोट लाल आणि तट्ट दिसतं. या पिसूच्या पोटात ताजं रक्त नव्हतं. रक्त पोटाच्या अलीकडे, अन्ननलिकेत, फुगा धरून थांबलं होतं आणि त्याच्या पुढे एक तपकिरी गोळा दिसत होता.

पिसूची अन्ननलिका जिथे पोटाला मिळते तिथे एक झडप असते. तिच्या आतल्या बाजूला सुयांसारख्या काट्यांच्या रांगा असतात. पिसू रक्त ओढते तेव्हा ही झडप भराभर उघडझाप करते, आणि पोटात गेलेलं रक्त मागे येऊ देत नाही. प्लेगचा जंतू नेमका या काट्यांवर घर करतो. थंड अंगात, म्हणजे साधारण २८ अंशांच्या खाली, तो स्वतःभोवती एक चिकट आवरण तयार करतो. जंतू एकमेकांना आणि काट्यांना चिकटतात, गुठळी वाढत जाते, आणि काही दिवसांपासून तीनेक आठवड्यांच्या काळात काही पिसवांमध्ये ती झडप पूर्ण बंद करून टाकते. उंदराच्या किंवा माणसाच्या ३७ अंशांच्या अंगात हाच जंतू ते आवरण तयार करायचं थांबवतो. पिसूत तो गुठळीने राहतो आणि उंदरात सुटा फिरतो.

झडप बंद झाली की पिसू उपाशी मरू लागते. ती चावते, रक्त ओढते, रक्त गुठळीला धडकतं, अन्ननलिका फुगते, आणि स्नायू सैल पडताच ते रक्त गुठळीतले जंतू घेऊन चाव्याच्या जखमेत परत येतं. तिची भूक भागत नाही म्हणून ती पुन्हा चावते. शहाणी पिसू एकदा पोट भरलं की उंदराच्या केसांत निवांत पडून राहते. ही मात्र या जागेवरून त्या जागेवर आणि या अंगावरून त्या अंगावर चावत सुटते. काही दिवसांत ती मरतेच, पण तोवर जंतूचं काम झालेलं असतं. जंतूला तिच्या पोटाची गरज नसते, तिच्या भुकेची असते, हे मला त्या दिवशी कळलं.

हे सगळं पहिल्यांदा नीट पाहिलं ते बॅकॉट आणि मार्टिन या दोघांनी, लंडनच्या लिस्टर संस्थेत, १९१४ मध्ये. त्याच्या सोळा वर्षं आधी पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवून दिलं होतं की प्लेग पिसवांमुळे उंदराकडून उंदराकडे जातो, पण फार थोड्यांनी त्यावर विश्वास ठेवला. सिमाँच्या थोडं आधी हिंदुस्थानात जे घडलं ते आपल्या घराघरात सांगितलं गेलेलं आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिले रोगी ओळखले. पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या. त्याच वर्षी जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. घरं धुणं, कपडे जाळणं, घरात घुसून रोगी शोधणं हे सगळं चाललं होतं, आणि पिसूला कुणी हात लावत नव्हतं. सरकारचा सगळा जुलूम माणसांवर झाला. उंदीर आणि पिसू त्यातून सुटले.

माझ्या मते या विषयात मुंबईतच झालेलं एक काम सर्वांत देखणं आहे. १९०५ नंतर प्लेगच्या चौकशीसाठी नेमलेल्या शास्त्रज्ञांनी परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे पुढच्या हाफकिन संस्थेत, गिनीपिगचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर टांगले. पिसवा सोडलेल्या खोलीत जमिनीलगतच्या पिंजऱ्यातले प्राणी मेले. दोन फूट उंचावरच्या पिंजऱ्यातले जगले, कारण उंदराची पिसू इतकी उंच उडी मारू शकत नाही. हवेतून किंवा जमिनीतून विष येत असेल तर दोन फुटांनी काय फरक पडणार होता? प्लेगची लागण झालेल्या घरांत हे शास्त्रज्ञ गिनीपिग मोकळे सोडत आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगावरच्या पिसवा मोजत. आमच्याकडे गिनीपिग नव्हते. आम्ही पांढरे लांब पायमोजे घालून खोलीत फेऱ्या मारायचो. उपाशी पिसवा पायमोज्यावर उड्या मारतात आणि पांढऱ्यावर उठून दिसतात. पाहणारे हसायचे, पण तासाभराने त्यांचं हसू थांबायचं.

आता उंदराकडे. पिसू एका वेळी जेवढं रक्त पिते ते थेंबाचा शंभरावा हिस्साही नसतं. एवढ्याशा घोटात पुरेसे जंतू यायचे तर उंदराच्या रक्तात ते अफाट संख्येने हवेत, दर मिलिलिटरमागे लाखो-कोटींच्या घरात. रक्तात इतके जंतू झालेला उंदीर फार वेळ जगत नाही. म्हणजे उंदराला मरणाच्या दारात नेल्याखेरीज जंतूला पिसूत शिरता येत नाही, आणि उंदीर मेल्याखेरीज पिसू दुसऱ्या अंगाच्या शोधात निघत नाही. उंदीर थंड पडला की पिसवा त्याला सोडतात. आसपास दुसरे उंदीर असतील तोवर त्या उंदरांवर जातात. उंदीर संपत आले की त्यांना माणूस चालतो. उंदीर पडू लागले की गावाबाहेर झोपड्या बांधायच्या, हे आपल्या आज्या-पणज्या करायच्या त्याचं कारण एवढंच. पिसवांना घरात सोडून माणसं निघून जायची.

पण सगळ्याच उंदरांची साथ सारखी नसते. मराठवाड्याच्या काळ्या रानात बांधाच्या कडेला एक उंदीर राहतो. शेपटी अंगाहून लांब, तिच्या टोकाला केसांचा गोंडा, मागच्या पायांवर उड्या मारत पळणारा. शास्त्रज्ञ त्याला भारतीय जर्बिल म्हणतात. हा जंतूचा जुना घरमालक. त्याच्यातले काही लागण होऊन मरतात, काही तगतात, आणि बिळातल्या पिसवांसह जंतू तिथे धुगधुगत राहतो. सोयाबीन आणि ज्वारीच्या शेतात मऊ केसांचा उंदीर असतो. बांधावर आणि गावाच्या कडेला घूस असते. आणि घरात, माळवदावर आणि कणगीभोवती, काळा उंदीर. जंतूला जर्बिलपासून माणसापर्यंत यायचं तर या सगळ्या कड्या एकमेकींना भिडाव्या लागतात. सामान्य वर्षात त्या भिडत नाहीत.

भिडतात कधी? दोन कोरडी वर्षं गेली, उंदीर कमी झाले, आणि मग पाऊस चांगला लागला की मादी तीन आठवड्यांत पाच-सात पिल्लं घालते आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः व्यायला लागतात. कापणीपर्यंत रान भरून जातं. कापणी झाली की रानात खायला नाही आणि गावात धान्य आलेलं. किंवा भर पावसात बिळांत पाणी शिरलं की रानातले उंदीर गावठाणाकडे सरकतात. कझाकस्तानात बाल्खाश सरोवराजवळ सोव्हिएत काळातल्या पथकांनी जर्बिलांची बिळं अनेक दशकं मोजली. त्या नोंदींवरून असं दिसलं की वस्तीची दाटी एका पातळीच्या वर गेली तरच प्लेग उंदरांत पसरतो, आणि तोही लगेच नाही, साधारण दोन वर्षांनी. म्हणून उंदीर फार झाले एवढ्यावर घाबरायचं नाही. फार झालेले उंदीर आपोआप कमी होऊ लागले की मात्र जागं व्हायचं.

कमी झालेले उंदीर पुन्हा येतात तेव्हा ते वेगळे असू शकतात. हाफकिन संस्थेत सोखी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकात पाहिलं की वर्षानुवर्षं प्लेग सोसलेल्या मुंबईचे उंदीर जंतूला बऱ्यापैकी दाद देत नव्हते, तर मद्रासचे उंदीर सहज मरत होते. आणि तरी मद्रासला मोठी साथ कधी आली नाही! त्याचं एक कारण पिसूची जात. मुंबईत आणि दख्खनवर उंदरांच्या अंगावर चिओपिस जातीची पिसू जास्त, मद्रासकडे तिची बहीण आस्टिया जास्त, आणि आस्टिया हे काम फार वाईट करते. नुसत्या डोळ्यांनी दोघी सारख्याच. मादीच्या पोटातली शुक्राणूंची पिशवी कशी वळली आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच ओळखायचं.

मे महिन्यात हिंगोलीत पारा चाळिशीच्या पुढे जातो. २८-३० अंशांच्या वर पिसूतली ती गुठळी नीट बांधली जात नाही, आणि कोरड्या हवेत पिसू स्वतःही लवकर मरते. जुन्या नोंदींत दख्खनचा प्लेग पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत चढतो आणि उन्हाळ्यात उतरतो तो म्हणून. मामल्याचे महिने याच्याशी जुळतात. सावध करून ठेवतो, ही गुठळी म्हणजे संपूर्ण उत्तर नव्हे. गेल्या वीसेक वर्षांतल्या प्रयोगांत असं दिसलं की काही पिसवा गुठळी होण्याआधीच, लागण झाल्यावर तीन-चार दिवसांतही जंतू पुढे देऊ शकतात. मात्र त्यांना ते क्वचित जमतं. त्यांची संख्या खूप असेल तरच त्याचा परिणाम दिसतो.

आमच्या जिल्ह्यात याची परीक्षा एकदा झाली. कयाधूकाठच्या एका गावातून निरोप आला की हळदीच्या आणि ज्वारीच्या कोठारात उंदीर पडताहेत, आणि पोरांना काहीतरी चावतंय. चांगल्या पावसाच्या वर्षानंतरचा हिवाळा होता. निरोप ऐकताच माझ्या पोटात गोळा आला, कारण वर्ष, महिना, धान्य, सगळं जुळत होतं.

गावात पोचलो तेव्हा लोकांनी मेलेले उंदीर एका जागी आणून ठेवले होते. आधी त्यांच्यावर औषध फवारलं, मग चिमट्याने एकेक पिशवीत घेतला. हे उंदीर एका रात्रीत मेले होते, एकाच कोठारात, आणि बहुतेक एका भिंतीजवळ. प्लेगने पडलेले उंदीर असे एका रात्रीत एका कोपऱ्यात पडत नाहीत. ते आठवडा-दोन आठवडे तुरळक, घराघरात, चौकात, दिवसाढवळ्या झिंगल्यासारखे बाहेर येऊन पडतात. पशुवैद्यकीय डॉक्टरांनी दोन उंदीर उघडले. प्लेगच्या उंदराच्या मानेतल्या गाठी सुजलेल्या असतात, प्लीहा मोठी आणि गडद होते, यकृतावर बारीक फिकट ठिपके दिसतात. यांत तसं काही नव्हतं. पोट उघडताच लसणासारखा उग्र वास आला आणि पिठात काळसर भुकटी दिसली. झिंक फॉस्फाईड.

"कुणी औषध घातलं होतं का?" मी विचारलं.

आधी सगळे गप्प. मग घरातल्या आजी पुढे आल्या. "घातलंय बापू, म्या सांगते. पोरानं पिठात कालवून ठिवलंय. उंदरं लई झाली व्हती. पन त्यानंतर हे नवंच सुरू झालंय बघ, रातभर पाय खाजवून काढतेय." त्यांच्या घोट्याभोवती लाल ठिपक्यांची माळ होती.

प्लीहेचा लेप काचपट्टीवर घेऊन जिल्ह्याला पाठवला. प्लेगचा जंतू रंगवल्यावर दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिका, मिटलेल्या सेफ्टी पिनसारखा दिसतो. इथे तसे काही दिसले नाहीत. संध्याकाळी गावभर वंडर ट्रॅप लावले. सकाळी सापडलेल्या जिवंत उंदरांना पिशवीसकट क्लोरोफॉर्म दिला, पांढऱ्या ट्रेवर केस विंचरले आणि पिसवा मोजल्या. बारा उंदरांवर चिओपिस एकवीस. म्हणजे निर्देशांक पावणेदोन. एकाच्या वर गेला की धोक्याची पातळी, असं आम्हाला शिकवलं होतं. उंदरांचं रक्त काढून बेंगळुरूला पाठवलं, आणि गावातल्या दोन-तीन कुत्र्यांचंही, कारण कुत्रा आजारी उंदीर खाऊन सहसा मरत नाही आणि त्याच्या रक्तात पुरावा राहतो.

प्लेग नव्हता. पण गावाने नकळत साथीचा निम्मा रस्ता तयार करून ठेवला होता. उंदीर मारले होते, पिसवांना मोकळं सोडलं होतं, आणि त्या आजींच्या पायावर येऊन बसल्या होत्या. जंतू आला असता तर त्याला फक्त एक कडी हवी होती.

सरपंच म्हणाले, "साहेब, मग अजून औषध घालू. उंदरंच ठिवायचे नाहीत." माणसाला उंदीर दिसतो, पिसू दिसत नाही, त्यामुळे हे पटवणं कठीण जातं. मी त्यांना पायमोजे घालून कोठारात एक फेरी मारायला लावली. बाहेर येऊन ते पायांकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "काय करायचं सांगा."

बिळांची तोंडं, भिंतींच्या कडा, कणगीचा तळ, अंथरुणाखालची जमीन, सगळीकडे मॅलेथिऑनची ५ टक्के भुकटी धुरळली. उंदीर ये-जा करताना भुकटी अंगावर घेऊन बिळात जातो आणि आतल्या पिसवा मरतात, म्हणून या टप्प्यात उंदीर जिवंत असणं आपल्याच फायद्याचं असतं. झिंक फॉस्फाईडच्या पुड्या सरपंचांनी कपाटात कुलूपबंद केल्या. पुढच्या खेपेला पुन्हा ट्रॅप लावले. या वेळी दहा उंदरांवर तीन पिसवा आल्या, आणि पायमोजे स्वच्छ राहिले. बेंगळुरूचा निकाल काही आठवड्यांनी आला, उंदरांचा आणि कुत्र्यांचाही नकारात्मक. सरपंचांनी कपाट उघडलं ते दुसऱ्या मोजणीच्या संध्याकाळी, मला विचारूनच.